दीड वाजता बंद होणारं फाटक

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या दिवशी केंद्राच्या फाटकाजवळ कधीकधी कात्री दिसते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आलेल्या मुलाच्या बाह्या तिथल्या तिथे कापल्याची छायाचित्रं मे महिन्यात वर्तमानपत्रांत येतात आणि गावाकडची माणसं ती पाहून हळहळतात. बीडमध्ये कनिष्ठ महाविद्यालयात शिकवताना पालकांनी मला अनेकदा विचारलंय, “सर, ही परीक्षा आहे का झडती?” दोन्ही आहे. आणि झडती का आहे, याचं उत्तर २०१५ सालात सापडतं.

तेव्हा या परीक्षेचं नाव एआयपीएमटी होतं आणि ती सीबीएसई घेत असे. ३ मे २०१५ला ती झाली. काही उमेदवारांनी अंगातल्या बनियनमध्ये सिमकार्ड बसवलेली यंत्रं शिवून घेतली होती. कानात दिसणारही नाही एवढा इअरपीस, आणि बाहेरून कुणीतरी उत्तरं सांगतंय, असा तो प्रकार हरियाणा पोलिसांनी उघडकीस आणला. तपासात थेट सापडलेले उमेदवार पन्नासाच्याही आतले होते. पण आणखी किती जणांना फायदा झाला, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १५ जूनला सहा लाखांहून अधिक मुलांची परीक्षाच रद्द केली आणि २५ जुलैला ती पुन्हा झाली. अर्ध्या बाह्या, साधी चप्पल, अंगावर धातू नको, हा पोशाखाचा नियम त्या फेरपरीक्षेपासून आला. पुढे २०१९मध्ये परीक्षा राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे, म्हणजे एनटीएकडे गेली आणि नियमही तिच्यासोबत गेले. म्हणजे बाही, बूट, पट्टा, घड्याळ, मोठी बटणं या सगळ्यांवर एकच आरोप आहे: तिथे काहीतरी लपवता येतं.

हा इतिहास शहरातल्या शिकवणीत मुलांच्या कानावर आपोआप पडतो. गावातल्या मुलाला नियम कळतात ते बहुधा फाटकावरच. शिरूर कासार तालुक्यातल्या एका वस्तीवरची माझी एक विद्यार्थिनी ४ मे २०२५च्या परीक्षेला गेली. आईवडील ऊसतोडीला जाणारे, घरातून अशा परीक्षेला बसणारी ती पहिलीच. तिचा अभ्यास बरा होता, त्याबद्दल इथे काही सांगायचं नाही. अभ्यासाबाहेरचं जे तिला शिकावं लागलं, तेवढंच सांगतो.

पहिली चूक होता होता राहिली ती अर्ज भरताना. आमच्याकडे अर्ज घरी भरत नाहीत, बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानात भरतात. दुकानदाराला पन्नास अर्ज उरकायचे असतात, ओटीपीसाठी पोरीला पुनःपुन्हा फोन कोण करणार? तो स्वतःचाच मोबाइल नंबर आणि स्वतःचाच ई-मेल टाकून मोकळा होतो. पुढचे सगळे संदेश मग त्याच्या फोनवर जातात. अर्जातल्या दुरुस्तीची मुदत कधी सुरू झाली, कधी संपली, हे मुलीला कळतच नाही. तिने हट्टाने आईचा नंबर टाकायला लावला. केंद्राचं शहर निवडतानाही जपावं लागतं. आपलं छत्रपती संभाजीनगर यादीत जुन्या नावाने दिसलं, तर बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, हे ध्यानात ठेवून आधी राज्य बरोबर निवडलंय का ते बघायचं. जवळची शहरं पसंतीक्रमाने भरायची असतात, पण पहिली पसंती मिळेलच, असं नाही. वीस-बावीस लाख मुलं एकाच दुपारी बसणार, त्यामुळे जागा असेल तिकडे पाठवतात. तिला संभाजीनगर आलं.

हे कळलं ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात निघालेल्या एका चिठ्ठीवरून. तिला परीक्षा शहराची सूचना म्हणतात. तिच्यावर फक्त शहराचं नाव असतं, शाळेचं नाव नाही, पत्ता नाही. एसटीचं आणि मुक्कामाचं बघायला वेळ मिळावा, एवढाच तिचा उपयोग. मुलीच्या मामांनी मात्र त्या कागदाची रंगीत प्रत काढून तालुक्याला लॅमिनेशन करून आणली. “आता भिजायचं टेन्शन न्हाई,” असं म्हणत त्यांनी ती मला दाखवली, तेव्हा मला हसू आवरेना. पण मामांचा दोष नव्हता. त्या कागदावर भाचीचं नाव होतं, परीक्षेचं नाव होतं, तारीख होती. मग ते हॉलतिकीट का नाही? नाही, कारण दारात चालतं ते प्रवेशपत्र, आणि ते परीक्षेच्या तीनचार दिवस आधी neet.nta.nic.in या संकेतस्थळावर येतं. टपालाने येत नाही. आणि त्याचं लॅमिनेशन तर चुकूनही करायचं नाही, कारण त्यावर अजून बरंच काही चिकटवायचं आणि लिहायचं असतं.

प्रवेशपत्र ही इथली खरी मेख. ते एक पान नसतं. दुकानातून पहिलंच पान छापून आणणारी मुलं मी दरवर्षी पाहतो. पहिल्या पानावर केंद्राचा पत्ता, वेळ आणि उमेदवाराचं हमीपत्र असतं. तिथे पासपोर्ट आकाराचा, अर्जावर चढवला होता तोच फोटो चिकटवायचा, डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घरूनच उमटवायचा आणि पालकाची सही घ्यायची. दुसरं पान पोस्टकार्ड आकाराच्या, म्हणजे चार बाय सहा इंचांच्या फोटोसाठी असतं, फोटोची पार्श्वभूमी पांढरी. हे पान वर्गात पर्यवेक्षकाकडे द्यायचं असतं. त्यानंतर सूचना. याशिवाय हजेरीपटावर लावायला एक पासपोर्ट फोटो सुटा न्यायचा. गावाकडे पोस्टकार्ड आकाराचा फोटो कुणी काढत नाही, लग्नाचे फोटो सोडले तर. स्टुडिओ बीडला. म्हणून आमच्या कॉलेजात आम्ही हे फोटो मार्चमध्येच काढून घ्यायला लावतो, म्हणजे प्रवेशपत्र आल्यावर धावाधाव होत नाही.

आता त्या दोन फोटोंची आणि अंगठ्याची गरज काय? दुसऱ्याच्या नावावर परीक्षा द्यायला बसणारा ‘डमी’ उमेदवार हा बनियनमधल्या यंत्राइतकाच जुना प्रकार आहे. अर्जावरचा फोटो, प्रवेशपत्रावरचा फोटो, समोर बसलेला चेहरा, आणि उद्या महाविद्यालयात प्रवेश घ्यायला येणारा चेहरा, हे चारही एकच आहेत, हे केव्हाही ताडून पाहता यावं, म्हणून हा सगळा खटाटोप. सहीचंही तसंच. मोठ्या फोटोच्या डाव्या बाजूला उमेदवाराची आणि उजव्या बाजूला पर्यवेक्षकाची सही असते. ती फोटोवरून कागदावर उतरते, त्यामुळे नंतर फोटो बदलता येत नाही. ही सही पर्यवेक्षकाच्या डोळ्यांसमोरच करायची असते. आमच्या मुलीने बुधवारी रात्री उत्साहाच्या भरात सगळीकडे सह्या करून टाकल्या. सकाळी सूचनांचं पान वाचल्यावर तिच्या पोटात गोळा आला. उपाय साधा होता: नवी प्रत छापायची, नवा फोटो चिकटवायचा. पण त्यासाठी दुसरा मोठा फोटो हाताशी हवा. तिच्याकडे होता. म्हणून सगळं दोन-दोन प्रतींत ठेवायला सांगतो.

ओळखपत्राची गंमत वेगळीच. आधार कार्ड सगळ्यांकडे असतं, पण ते फोनमध्ये असतं. फोन तर दाराबाहेर राहणार. छायांकित प्रतही चालत नाही, मूळ कार्डच लागतं. तिचं आधार रास्त भाव दुकानाच्या कामासाठी आजीकडे गावात होतं. शुक्रवारी मामा ते मोटारसायकलवर जाऊन घेऊन आले.

शनिवारी सकाळी दोघं बीडहून एसटीत बसले. महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे भाचीचं भाडं मामांच्या निम्मं. गेवराई, शहागडचा गोदावरीचा पूल, पाचोड, आडूळ, असं करत सव्वाशे-दीडशे किलोमीटरला चार तास जातात. मे महिन्याचा पहिला आठवडा म्हणजे ऐन लग्नसराई, गाड्या गच्च भरलेल्या. परीक्षा दुपारी दोनला असली तरी त्याच दिवशी पहाटे निघू, असा हिशेब बरीच घरं करतात. गाडी वेळेवर निघाली तर तो जमतोही. पण वाटेत टायर बसला, तर परीक्षा एका वर्षाने लांबते. दीड वाजता फाटक बंद झालं की उशिराचं कारण कितीही खरं असो, ते उघडत नाही. मामांना हे पटवायला मला एक रात्रीचं भाडं आणि एका वर्षाचा शिकवणीचा खर्च कागदावर शेजारी शेजारी मांडून दाखवावा लागला.

मुकुंदवाडीत मामांच्या ओळखीचे एकजण राहत होते, त्यांच्याकडे मुक्काम. ऊन उतरल्यावर दोघं केंद्र बघायला गेले आणि तिथे पुढचा धडा मिळाला. प्रवेशपत्रावर शाळेचं जे नाव होतं, त्याच नावाच्या शहरात दोन शाखा होत्या. रिक्षावाल्याने जवळच्या शाखेसमोर उतरवलं. शाळेवर परीक्षेचा कसलाच फलक नाही, रखवालदारालाही माहिती नाही.

“मामा, पिनकोड बघा ना,” ती म्हणाली.

पिनकोड वेगळा होता. खरं केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, बीड बायपासच्याही पलीकडे निघालं. हेच रविवारी साडेबाराला घडलं असतं तर? शहराचं नाव ‘छत्रपती संभाजीनगर’ असलं तरी केंद्र शहरात असेलच, असं समजू नये. औद्योगिक वसाहतीजवळची किंवा तालुक्याच्या रस्त्यावरची शाळाही त्याच शहराच्या नावाखाली येते. म्हणून आदल्या दिवशी जाऊन फाटक डोळ्यांनी बघून यायचं, रिक्षाला किती वेळ लागतो ते बघायचं, आणि जवळपास सावली कुठे आहे तेही बघून ठेवायचं. सावली मुलीसाठी नाही, मामासाठी. त्याला बाहेर सहा तास काढायचे असतात.

त्या रात्री एक लहान शस्त्रक्रियाच झाली म्हणा. तिच्या नाकात लहानपणापासूनची चमकी होती, मळसूत्र गंजून घट्ट बसलेलं. अंगावर धातूचं काही चालत नाही, मग कानातलं, पैंजण, अंगठी, केसांचे चाप सगळंच उतरवावं लागतं. घरमालकीणबाईंनी खोबरेल तेल लावून अर्ध्या तासात ती चमकी काढली. पायातला काळा दोरा मात्र आजीने बांधलेला, तो सोडायला ती तयार नव्हती. दोऱ्यात धातू नसतो, पण झडती घेणारी बाई सोडायला सांगू शकते. शेवटी तिने तो सोडून मामांकडे दिला. कपडे साधे ठरले: अर्ध्या बाह्यांचा सुती कुर्ता, बिनखिशाची सलवार, साधी चप्पल. बूट चालत नाहीत. कुणाला धार्मिक किंवा पारंपरिक पोशाख घालायचा असेल तर तो घालता येतो. मात्र झडतीला जास्त वेळ लागतो म्हणून साडेबाराच्या आत पोचावं लागतं. मुलींची झडती आडोशामागे आणि बाईमाणसानेच घ्यायची, हाही नियम आहे. हे आधी सांगितलं तर मुलीचा जीव थोडा हलका होतो.

जेवणाचा हिशेब कुणीच सांगत नाही. अकराच्या सुमारास आत घ्यायला सुरुवात होते, सुटका पाचनंतर. मध्ये पारदर्शक बाटलीतल्या पाण्याशिवाय काही नाही. मधुमेह असलेल्यांना साखरेच्या गोळ्या, केळी, सफरचंद यांसारखी फळं नेता येतात, पण पाकीटबंद खाऊ त्यांनाही नाही. तिने दहा वाजता वरणभात खाल्ला. बसस्थानकावरची मिसळ खाऊन केंद्रावर आलेल्या मुलांची अवस्था मी पाहिली आहे, ती इथे लिहीत नाही.

पावणेबाराला ती आत गेली. पेन घेऊन जायचा नसतो. काळ्या शाईचा बॉलपेन वर्गातच देतात. घड्याळ चालत नाही, भिंतीवरचं बघायचं. बोटांचा ठसा, फोटो, झडती, खोलीचा क्रमांक, आणि मग बाकावर तब्बल दीड-पावणेदोन तास नुसतं बसून राहणं. या रिकाम्या वेळाबद्दल तिला कुणी सांगितलं नव्हतं. घशाला कोरड पडली म्हणून ती सारखी पाणी पीत राहिली, आणि हीच त्या दिवसाची एकमेव खरी चूक ठरली. कारण परीक्षा सुरू झाल्यावर पहिला तास आणि शेवटचा अर्धा तास स्वच्छतागृहाला सोडत नाहीत.

पावणेदोनला सीलबंद प्रश्नपुस्तिका मिळाली. सील सांगितल्यावरच उघडायचं. इथे दोन मिनिटांची एक तपासणी असते. या तपासणीला मी दरवर्षी वर्गात सगळ्यात जास्त वेळ देतो. पुस्तिकेवर एक सांकेतिक क्रमांक छापलेला असतो, तोच उत्तरपत्रिकेवर, म्हणजे ओएमआरवर असायला हवा. शेजारच्याच्या पुस्तिकेत प्रश्नांचा क्रम वेगळा असतो, उत्तरांची किल्ली त्या सांकेतिक क्रमांकावरून लागते. क्रमांक जुळत नसेल तर बोट वर करून लगेच सांगायचं, दोन्ही कागद बदलून मिळतात. अर्ध्या तासाने सांगितलं तर गोंधळ आपल्याच गळ्यात येतो. पुस्तिकेची सगळी पानं आहेत ना, हेही तेव्हाच मोजून घ्यायचं. तिने अर्जात मराठी माध्यम निवडलं होतं. मराठीची पुस्तिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते, तीत शेजारी इंग्रजी मजकूरही असतो, आणि मजकुरात फरक आढळला तर इंग्रजी ग्राह्य धरतात.

दोन वाजता पेपर सुरू. १८० प्रश्न, १८० मिनिटं. भौतिकशास्त्र १ ते ४५, रसायनशास्त्र ४६ ते ९०, जीवशास्त्र ९१ ते १८०. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीला एक कापला जातो. बहुतेक मुलं जीवशास्त्रापासून सुरुवात करतात, कारण ते लवकर उरकतं. तिनेही तसंच केलं आणि पहिलं वर्तुळ रंगवायला पेन टेकवला तो ओएमआरच्या पहिल्या ओळीवर. पेन टेकण्याआधी क्रमांक दिसला म्हणून बचावली. जीवशास्त्राचा पहिला प्रश्न ९१वा, तर वर्तुळही ९१व्या ओळीतलंच. एकदा रंगवलेलं वर्तुळ खोडता येत नाही, पांढरी शाई चालत नाही, आणि एकाच प्रश्नाची दोन वर्तुळं रंगवली तर ते उत्तर चुकीचं धरतात. म्हणून प्रत्येक दहा प्रश्नांनंतर प्रश्नाचा आणि ओळीचा क्रमांक ताडून बघायची सवय लावावी लागते. सगळी उत्तरं पुस्तिकेत खुणा करून शेवटच्या वीस मिनिटांत वर्तुळं रंगवू, हा बेत मला धोक्याचा वाटतो. १८० वर्तुळं घाईत रंगवताना एक ओळ सुटली की तिच्या खालचं सगळंच सरकतं.

वेळेबद्दल आणखी एक गोष्ट मुलांना माहीत असायला हवी. पुस्तिका उशिरा मिळाली, चुकीची मिळाली, तर गप्प बसायचं नाही. २०२४मध्ये काही केंद्रांवर वेळ वाया गेला म्हणून १५६३ उमेदवारांना वाढीव गुण दिले गेले, त्यावर वादंग झाला, गुण मागे घेतले गेले आणि त्या मुलांना २३ जूनला पुन्हा परीक्षा देण्याचा पर्याय मिळाला. पर्यवेक्षकाला आणि केंद्राधिकाऱ्याला तिथल्या तिथे सांगितलं, वेळ नोंदवून घेतली, तर पुढे म्हणायला काही आधार राहतो. बाहेर आल्यावर मामाला सांगून काही होत नाही.

पाचला पेपर संपला. मध्येच उठून जाता येत नाही, लवकर झालं तरी बसायचं. ओएमआरची मूळ प्रत आणि कार्यालयीन प्रत दोन्ही परत द्यायच्या, प्रश्नपुस्तिका मात्र घरी नेता येते. पुस्तिका घेऊन ती बाहेर आली तेव्हा मामा फाटकासमोरच्या लिंबाखाली तिचा फोन, चमकी आणि काळा दोरा रुमालात बांधून बसले होते. “सोपा गेला का?” असं त्यांनी विचारलं नाही. “लघवीला जायचंय का?” असं विचारलं. मामा शहाणे निघाले.

पुस्तिका जपून ठेवायची ती एवढ्यासाठी, की काही आठवड्यांनी संकेतस्थळावर ओएमआरचं स्कॅन केलेलं चित्र आणि तात्पुरती उत्तरसूची येते. आपण कोणत्या ओळीत काय रंगवलं, ते तेव्हा स्वतः बघता येतं. उत्तरसूचीत चूक वाटली तर प्रश्नामागे २०० रुपये भरून हरकत घेता येते, आणि त्याला मुदत थोडीच असते. ते कळवणारा संदेशही अर्जात टाकलेल्या नंबरवरच येतो.

हे सगळं २०२५चं. वेळा, प्रश्नांची संख्या, फोटोचा आकार यांपैकी काहीही पुढच्या वर्षी बदलू शकतं. २०२२ ते २०२४ या काळात हीच परीक्षा दोनशे मिनिटांची होती. तेव्हा मागच्या वर्षी बसलेल्या चुलतभावाचं ऐका जरूर, पण आपल्या प्रवेशपत्राचं शेवटचं पान स्वतः वाचा, आणि सोबत येणाऱ्या मोठ्या माणसालाही मोठ्याने वाचून दाखवा.